अ‍ॅप अरबी, फोन हर्णैत: परदेशी नंबरचं ई-सिम नव्या फोनमध्ये कसं घ्यावं

गेल्या मे महिन्यात हर्णैचा एक मुलगा दापोलीतल्या माझ्या दुकानात दोन फोन घेऊन आला. तो मस्कतला एसी दुरुस्तीचं काम करतो आणि महिन्याभराच्या सुट्टीवर आला होता. एक फोन जुना सॅमसंग, काच कोपऱ्यातून तडकलेली. दुसरा रत्नागिरीतून नुकताच घेतलेला आयफोन. म्हणाला, "दादा, ओमानचा नंबर यातून काढून यात टाकून द्या. कार्ड नाहीये, आतलंच आहे." मग त्याने कंपनीचं अ‍ॅप उघडून दाखवलं. वरपासून खालपर्यंत अरबी. नंबर घेतला तेव्हा तिथल्या दुकानदाराने अ‍ॅप त्याच्या सवयीच्या भाषेत चालू करून दिलं होतं, आणि हा तीन वर्षं रिचार्जचं बटण फक्त जागेवरून ओळखून दाबत आला होता.

दापोली, खेड, मंडणगड, पलीकडे श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, या पट्ट्यात आखातात कुणी नाही असं घर शोधावं लागतं. सुट्टीवर येणारा माणूस हमखास नवा फोन घेतो, आणि आता तिकडचे नंबर ई-सिमवर असतात. कार्ड असतं तर या खाचेतून काढून त्या खाचेत घातलं असतं. ई-सिमला बहुधा कंपनीच्या अ‍ॅपमधून नवा क्यूआर कोड मागवावा लागतो आणि तो नव्या फोनने स्कॅन करावा लागतो. काम दहा मिनिटांचं आहे, पण अ‍ॅपची भाषा कळत नसेल तर त्या दहा मिनिटांत नंबर बंद पडू शकतो, आणि तो परत चालू करायला मस्कतच्याच दुकानात जावं लागू शकतं. म्हणून हे काम पहिल्यांदा करणाऱ्यासाठी सगळं सविस्तर लिहितो. उदाहरण त्या मुलाचंच घेतो.

कोडमध्ये काय असतं

क्यूआर कोडमध्ये तुमचं सिम नसतं. त्यात फक्त पत्ता आणि पावती असते. कोड वाचला तर साधारण अशी एक ओळ मिळते:

```
LPA:1$smdp.example.com$ABCD-1234-EFGH
```

डॉलरच्या चिन्हाने तिचे तीन तुकडे पडतात. पहिला तुकडा सांगतो की हा ई-सिमचा कोड आहे. दुसरा म्हणजे कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता. तिसरा म्हणजे तुमच्या नावाने तिथे ठेवलेल्या प्रोफाइलची, म्हणजे तुमच्या सिमच्या माहितीची, पावती. फोन कोड वाचतो, इंटरनेटवरून त्या पत्त्यावर जातो, पावती दाखवतो आणि प्रोफाइल उतरवून आपल्या आतल्या चिपमध्ये बसवतो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढचं सगळं त्यांवरच उभं आहे. एक, स्कॅन करताना नव्या फोनला दुसरं कुठलं तरी इंटरनेट लागतंच, कारण नवं सिम अजून आलेलंच नसतं. दोन, पावती बहुतेक एकदाच चालते. एकदा प्रोफाइल उतरलं की सर्व्हरवर तशी नोंद होते, आणि मग तोच कोड पुन्हा दाखवला तर तो फोन असो वा दुसरा, नकार मिळतो. म्हणून कोडचा स्क्रीनशॉट काढून "राहू दे, पुढे कामाला येईल" म्हणण्यात अर्थ नाही. उलट तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि तुमच्याआधी कुणी स्कॅन केला, तर नंबर त्याच्या फोनमध्ये जाईल.

अ‍ॅपला हात लावण्याआधी

आधी नवा फोन तपासा. डायल करायच्या जागी `*#06#` दाबा. आयएमईआय नंबरांबरोबर EID नावाचा 32 आकड्यांचा, 89 ने सुरू होणारा नंबर दिसला तर फोनमध्ये ई-सिमची चिप आहे. तो दिसला नाही तर पुढे जाऊच नका. आयफोन जुना घेतलेला असेल, विशेषतः बाहेरून आलेला, तर Settings, General, About इथे Carrier Lock ही ओळ बघा. तिथे No SIM restrictions असं हवं. दुसरं काही लिहिलेलं असेल तर तो फोन कुठल्या तरी कंपनीला बांधलेला आहे आणि ओमानचं प्रोफाइल त्यात बसलं तरी चालणार नाही.

मग जुना फोन. त्यातली ओमानची लाइन इथे, हर्णैत, जिवंत आहे का? अ‍ॅप नवा कोड देण्याआधी ओळख पटवायला एक ओटीपी पाठवतं, आणि तो बहुतेक कंपन्या त्याच जुन्या नंबरवर एसएमएसने पाठवतात. म्हणजे जुनी लाइन इथल्या कुठल्या तरी नेटवर्कवर रोमिंगमध्ये असायला हवी. त्या मुलाच्या फोनवर सिग्नलच्या दांड्या दिसत होत्या, पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. मस्कतच्या त्याच्या खोलीतल्या मित्राला साधा एसएमएस पाठवायला सांगितलं. व्हॉट्सअ‍ॅप नाही, साधा एसएमएस. तो आला, मगच पुढे गेलो. एसएमएस येत नसेल तर रोमिंग बंद आहे असं समजा आणि आधी ते चालू करून घ्या.

आणि कृपा करून जुन्या फोनमधलं ई-सिम "आता नवं घेणारच आहे" म्हणून आधीच डिलीट करू नका. माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या कामांपैकी सर्वांत जास्त कामं याच एका कारणाने बिघडलेली असतात. लाइन गेली की ओटीपी येत नाही, ओटीपी नाही तर कोड नाही.

कंपनीलाही एक प्रश्न विचारून ठेवा: देशाबाहेर असताना अ‍ॅपमधून ई-सिम बदलून मिळतं का? काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. ओमानचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे, तेव्हा सकाळी दहाला फोन लावलात तर तिकडे साडेआठ वाजलेले असतात. जरा थांबून लावा.

भाषा बदलता आली तर आधी तेच

आखातातल्या बहुतेक कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये इंग्रजी असतं. फक्त ते सापडायला हवं. लॉगिनच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात English, EN किंवा पृथ्वीच्या गोलाचं चिन्ह असतं का बघा. नसेल तर आत, खालच्या पट्टीत अगदी कडेला माणसाच्या डोक्याचं चिन्ह किंवा तीन टिंबं असतात. त्याखाली حسابي म्हणजे "माझं खातं" किंवा المزيد म्हणजे "आणखी" लिहिलेलं असतं. त्यात اللغة हा शब्द शोधा. त्याचा अर्थ भाषा. الإعدادات म्हणजे सेटिंग्ज. भाषा कधी कधी त्याच्या आत दडलेली असते.

अ‍ॅपमध्ये नाहीच मिळालं तर फोनकडून करून बघा. अँड्रॉइड 13 किंवा त्यापुढचा असेल तर सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर Language ही ओळ असते. आयफोनवरही सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर ती असते. अ‍ॅप बनवणाऱ्याने सोय केली असेल तरच ती दिसते.

हे सगळं काम सुरू करण्याआधी करायचं. भाषा बदलली की बरीच अ‍ॅप्स पुन्हा सुरू होतात आणि लॉगआउटही करतात. कोड समोर आलेला असताना भाषा बदलायला गेलात तर कोड हातचा जाऊ शकतो.

त्या मुलाच्या अ‍ॅपमध्ये इंग्रजी मिळालं. मुख्य पानं इंग्रजी झाली, पण सिम बदलायचा भाग आत कुठेतरी वेबपानावर उघडत होता आणि तो अरबीच राहिला. हे पुष्कळ वेळा होतं, म्हणून पुढचे शब्द सगळ्यांनीच डोळ्यांखालून घालावेत.

बटणांवरचे शब्द

भाषांतरासाठी दुसऱ्या फोनवर गूगल ट्रान्सलेट उघडा, अरबी भाषा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि कॅमेरा पहिल्या फोनच्या पडद्यावर धरा. इथे दोन फोन हाताशी असतात, त्याचा हा फायदा. काही अ‍ॅप्स स्क्रीनशॉट काढू देत नाहीत, काळं चित्र येतं. कॅमेऱ्याला ती अडचण नसते. भाषांतर मराठीत घेण्यापेक्षा इंग्रजीत घ्या. बटणांवरचे एकेकटे शब्द मराठीत फार विचित्र होऊन येतात, असा माझा अनुभव आहे.

पण नुसत्या भाषांतरावर विसंबू नका, कारण नेमके याच कामातले तीन अरबी शब्द फसवे आहेत.

पहिला शब्द شريحة. याचा मूळ अर्थ काप, चकती. सिमकार्डला तिकडे हेच म्हणतात. भाषांतरात "स्लाइस" किंवा "चिप" आलं तर दचकू नका, ते सिमच. الشريحة الإلكترونية म्हणजे ई-सिम. पुष्कळ ठिकाणी eSIM ही अक्षरं तशीच लिहिलेली असतात.

दुसरा शब्द مسح, उच्चार मसह, आणि याने मला स्वतःला एकदा अडवलंय. अरबीत याचे दोन अर्थ होतात: पुसून टाकणं आणि स्कॅन करणं. दाभोळच्या एक ताई दुबईला नवऱ्याकडे निघाल्या होत्या, त्यांचं काम मी करत होतो. पडद्यावर مسح الرمز असं बटण आलं आणि भाषांतराने सांगितलं, कोड पुसा. मी घाबरून मागे गेलो. मागे गेल्याबरोबर विनंती रद्द झाली आणि दुसऱ्यांदा मागताना पुन्हा पैसे पडले. त्या बटणाचा अर्थ होता, कोड स्कॅन करा. तेव्हापासून मी नियम पाळतो: मसह या शब्दाशेजारी रम्झ, म्हणजे رمز, किंवा QR असेल तर तो स्कॅन. खरोखर काढून टाकायचं बटण असेल तर तिथे बहुधा حذف किंवा إزالة लिहिलेलं असतं. हे दोन शब्द दिसले की बोट लांब ठेवा.

तिसरा शब्द تفعيل, उच्चार तफईल, म्हणजे चालू करणं. हा एकटा असेल तर आपल्याला हवा तोच. पण त्याच्या आधी, म्हणजे उजव्या बाजूला, إلغاء लागला की إلغاء التفعيل होतं आणि अर्थ नेमका उलटा, बंद करणं. नुसतं إلغاء म्हणजे रद्द करा. दोन बटणं एकाखाली एक असतात आणि दोन्हींत तफईल असतं. पूर्ण ओळ वाचल्याशिवाय दाबू नका.

बाकीचे शब्द सरळ आहेत. التالي म्हणजे पुढे, رجوع म्हणजे मागे, متابعة म्हणजे चालू ठेवा, تأكيد म्हणजे पक्कं करा, موافق म्हणजे मान्य. رمز التحقق म्हणजे ओटीपी. आणि आपल्याला ज्या दारातून आत जायचंय तो शब्द استبدال الشريحة, सिम बदलून घेणं. رقم جديد म्हणजे नवा नंबर. त्यात शिरलात तर नवं कनेक्शन विकत घ्याल आणि जुना नंबर तसाच राहील.

उलटी दिशा आणि आकडे

अरबी उजवीकडून डावीकडे चालते आणि अ‍ॅपही तशीच मांडलेली असतात. मागे जायचा बाण वर उजवीकडे असतो, "पुढे" हे बटण डावीकडे. आपला अंगठा सवयीने उजव्या बटणावर जातो आणि तिथे रद्द असतं. जागेवरून ओळखायची सवय इथे घात करते. शब्द वाचा.

आकडे मात्र अरबीतही आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचायचे. अडचण त्यांच्या आकाराची आहे. बऱ्याच अ‍ॅप्समध्ये 1, 2, 3 असेच आकडे असतात, पण एखाद्या एसएमएसमध्ये ٠١٢٣٤٥٦٧٨٩ असे येतात. डावीकडून शून्य ते नऊ. आपला देवनागरी १ परक्याला 9 वाटतो, तशीच इथे आपली गत होते. नुसतं टिंब म्हणजे शून्य. शून्यासारखा गोल दिसतो तो ٥, म्हणजे पाच. 7 सारखा दिसतो तो ٦, म्हणजे सहा. V सारखा ٧ म्हणजे सात आणि तो उलटा केला की ٨, आठ. त्या मुलाचा ओटीपी याच आकड्यांत आला. त्याने पाचाला शून्य समजून टाकलं आणि अ‍ॅपने नाकारलं. मग त्याच्या आईला फोन लावला. त्या उर्दू शाळेत शिकलेल्या. व्हिडिओ कॉलवर आकडे बघून त्यांनी एका दमात वाचून दाखवले. चार, पाच आणि सहा उर्दूत जरा वेगळे काढतात, तेवढे त्यांनी थांबून पाहिले. तुमच्या घरात असं कुणी असेल तर ती मदत कुठल्याही अ‍ॅपपेक्षा भारी आहे. तीन वेळा चुकीचा ओटीपी टाकण्याआधी विचारा, कारण पुष्कळ ठिकाणी तीन चुकांनंतर काही काळ दार बंद होतं.

अरबी ओळीत इंग्रजी अक्षरं किंवा नंबर आला की पडद्यावर त्यांची जागाही हलते. `+968` हा ओमानचा कोड `968+` असा दिसतो. नंबरात मोकळी जागा सोडलेली असेल तर त्याचे गट उलट क्रमाने लागतात. म्हणून लांबलचक कोड डोळ्यांनी वाचून टाइप करू नका. त्यावर बोट दाबून ठेवून कॉपी करा. कॉपी केलेली ओळ बरोबर क्रमात येते.

कोड मागवणं आणि स्कॅन करणं

आता प्रत्यक्ष काम. जागा निवडा. हर्णै बंदराच्या खालच्या अंगाला सिग्नल येतो-जातो, आणि पावसात वीज गेली की वायफाय बंद. प्रोफाइल लहान असतं, पण उतरत असताना जोडणी तुटली तर पावती अर्ध्यात अडकते. म्हणून आम्ही दुकानातल्या वायफायवर केलं आणि माझ्या फोनचा हॉटस्पॉट हाताशी ठेवला. नव्या फोनची तारीख आणि वेळ आपोआपवर असू द्या. घड्याळ चुकलेलं असेल तर सर्व्हर सुरक्षित जोडणी नाकारतो आणि कारण मात्र भलतंच दाखवतो.

नव्या आयफोनवर आधी Settings, Mobile Service, Add eSIM असं जाऊन Use QR Code पर्यंत पोचा आणि कॅमेऱ्याची चौकट उघडी ठेवा. त्यानंतरच जुन्या फोनवर कोड मागवा. काही कंपन्यांचा कोड थोडाच वेळ चालतो, तेव्हा शोधाशोध आधी संपलेली बरी.

जुन्या फोनवर استبدال الشريحة मध्ये शिरलो. कार्ड की ई-सिम असं विचारलं, ई-सिम निवडलं. शुल्क दाखवलं, ते मान्य केलं. ओटीपी आला, टाकला. कोड पडद्यावर आला.

इथे एक खात्री करून घ्या. अ‍ॅपमध्ये इतरही क्यूआर कोड असतात, पैसे देण्याचे, मित्राला बोलावण्याचे. शंका असेल तर तिसऱ्या एखाद्या फोनच्या गूगल लेन्सने कोड नुसता वाचून बघा. ओळ `LPA:1$` ने सुरू झाली तर तो ई-सिमचा. `https` ने सुरू झाली तर तो साधी लिंक आहे. नुसता वाचल्याने पावती वापरली जात नाही.

जुन्या फोनचा उजेड पूर्ण वाढवा आणि साधारण वीतभर अंतरावरून धरा. त्या सॅमसंगची तडकलेली काच नेमकी कोडच्या कोपऱ्यातल्या चौकोनावर येत होती आणि आयफोन काही केल्या कोड पकडत नव्हता. कोडच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन स्वच्छ दिसले नाहीत तर कॅमेऱ्याला तो कोड आहे हेच कळत नाही. फोन आडवा केला, कोड सरकून मधे आला आणि लगेच पकडला गेला.

तसं झालं नसतं तर हातानेही टाकता येतं. कोडखाली बहुधा तीच माहिती लिहिलेली असते. आयफोनवर Enter Details Manually मध्ये दोन वेगळे रकाने असतात: SM-DP+ Address मध्ये सर्व्हरचा पत्ता, Activation Code मध्ये फक्त पावतीचा तुकडा. अँड्रॉइडवर एकच रकाना असतो आणि त्यात `LPA:1$` पासून पूर्ण ओळ टाकायची असते. आयफोनच्या रकान्यात पूर्ण ओळ टाकली की नकार येतो आणि माणूस कोडला दोष देत बसतो. ओळीच्या शेवटी `$$1` असेल तर आणखी एक कोड लागतो, رمز التأكيد. तो एसएमएसने किंवा ईमेलने वेगळा येतो.

तुमच्याकडे एकच फोन असेल आणि कोड त्याच्याच पडद्यावर असेल, तर आयओएस 17.4 पासून पुढे मेलमधल्या किंवा वेबपानावरच्या कोडवर बोट दाबून ठेवलं की Add eSIM येतं. नाहीतर कोड घरच्या माणसाच्या फोनवर पाठवा, स्कॅन करा आणि काम झाल्यावर तिथून पुसायला सांगा.

स्कॅन झाल्यावर

फोन एक-दोन मिनिटं घेतो. तेवढा वेळ पडदा बंद करू नका, फोन बाजूला ठेवून बोलत बसा. मग तो विचारतो की कॉल कुठल्या लाइनवरून, डेटा कुठल्या लाइनवरून. त्या मुलाकडे इथलं कार्डही होतं. डेटा इथल्या कार्डावर ठेवला, ओमानच्या लाइनचं Data Roaming बंद केलं आणि Allow Mobile Data Switching हेही बंद केलं. ते चालू राहिलं तर इथलं नेटवर्क कमी झालं की फोन आपण होऊन ओमानच्या लाइनवरून डेटा घ्यायला जाऊ शकतो. आपल्याकडे नेटवर्क कमी व्हायला वेळ लागत नाही आणि रोमिंगचं बिल जबर येतं.

आता सिग्नलकडे बघून घाबरू नका. जुन्या फोनची लाइन काही मिनिटांत मरते, ते ठीकच आहे, नंबर तिथून निघाला. नव्या फोनवर मात्र काही वेळ No Service दिसू शकतं. ओमानच्या सिमचं स्वतःचं नेटवर्क हर्णैत नाही. ते इथल्या कुठल्या तरी कंपनीचं नेटवर्क उसनं घेणार, आणि पहिल्यांदा ते शोधायला वेळ लागतो. आधी Mobile Service मध्ये ती लाइन यादीत आहे का बघा. आहे तर प्रोफाइल बसलंय. मग एअरप्लेन मोड चालू-बंद करा, तेवढ्याने नाही झालं तर फोन बंद करून चालू करा. अर्ध्या तासात नेटवर्क आलं नाही तर ती लाइन निवडून Network Selection मधलं Automatic बंद करा आणि इथल्या कंपन्यांची नावं एकेक करून बघा.

या अर्ध्या तासात लोक सर्वांत मोठी चूक करतात. सिग्नल नाही म्हणून प्रोफाइल डिलीट करतात आणि तोच कोड पुन्हा स्कॅन करायला जातात. पावती वापरून झालेली असते. मग कोड आता चालत नाही अशी सूचना येते. त्यानंतर कंपनीने नवा कोड द्यावा लागतो, आणि त्यासाठी लागणारा ओटीपी घ्यायला तर कुठलीच लाइन उरलेली नसते. यादीत लाइन दिसतेय तोवर तिला हात लावू नका. यादीत नाहीच आणि कोडही नाकारला जातोय, तेव्हाच कंपनीला फोन करा. नंबर, EID आणि नोंदणीला दिलेलं ओळखपत्र हाताशी घेऊन करा.

त्या मुलाच्या फोनवर वीस मिनिटांनी इथलं नेटवर्क आलं. मस्कतच्या मित्राने पुन्हा एसएमएस केला आणि या वेळी तो आयफोनवर वाजला. तिथून पुढे व्हॉट्सअ‍ॅप हलवणं सोपं होतं, कारण त्याचा सहा आकडी कोड त्याच नंबरवर येतो.

जुना सॅमसंग तो बहिणीला देणार होता. मी त्याला म्हटलं, दोन दिवस तसाच ठेव, नव्यावर एखादा कॉलही येऊ दे. दोन दिवसांनी तो परत आला. जुन्या फोनच्या सिम मॅनेजरमधलं मेलेलं प्रोफाइल काढलं, मग फोन पूर्ण रीसेट केला. रीसेट करताना ई-सिमही पुसायचं का असं विचारतात, तिथे हो म्हटलं. जाताना नव्या फोनमधलं अ‍ॅप त्याने स्वतः उघडलं, اللغة शोधलं आणि English वर बोट ठेवलं.